गाळलेली जागा: ‘पण’, ‘म्हणून’ की ‘आणि’? उभयान्वयी अव्ययाचे प्रश्न सोडवायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

सांगलीत पोलीस भरतीचा अभ्यास करायला आले तेव्हा पहिल्याच सराव परीक्षेत माझा एक प्रश्न चुकला. प्रश्न असा होता:

‘छाटणीनंतर बागेवर वेळेत फवारणी केली ____ दावण्या आलाच.’

पर्याय होते आणि, म्हणून, तरी, कारण. मी ‘आणि’ला खूण केली. आमचं घर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबाग घरची. दावण्या हा द्राक्षवेलीवरचा रोग, फवारणी झाल्यावर तो येऊ नये एवढं मला जन्मापासून ठाऊक. तरी चुकलेच, कारण मी वाक्य वाचलंच नव्हतं. चारही पर्याय एकेक करून रिकाम्या जागेत बसवून बघितले आणि जे कानाला टोचलं नाही ते उचललं. ‘फवारणी केली आणि दावण्या आलाच’, वाईट वाटतंय का? नाही ना. तिथेच फसगत आहे. ‘आणि’ मराठीत जवळजवळ कुठेही खपून जातं. कानावर विसंबलात तर दहातल्या चार वेळा ‘आणि’लाच खूण कराल.

पुढे अशा प्रश्नांत माझे गुण जायचे थांबले, ते काही नवं व्याकरण पाठ केलं म्हणून नाही. वाचायचा क्रम बदलला. तो क्रम खाली देते. प्रकारांची नावं, म्हणजे समुच्चयबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक वगैरे, कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळतील. ती पाठ असायला हवीतच. पण नावं पाठ असूनही जागा चुकीची भरणारे माझ्या अभ्यासिकेत भरपूर होते.

जवळ काय हवं

- मागच्या भरतीच्या प्रश्नपत्रिका, आणि त्यांची अंतिम उत्तरतालिका. पहिली तालिका आक्षेपांनंतर बदलू शकते. जुन्या तालिकेवरून अभ्यास केला तर चुकीचं उत्तर डोक्यात पक्कं बसतं.
- एक जुनी पोस्टकार्डाएवढी जाड पट्टी. पर्याय झाकायला. हसू नका, खरंच लागते.
- शंभर पानी वही, आडवी धरून तीन रकाने आखलेली: विरोध, कारण, भर. तिचं काय करायचं ते शेवटी.
- घड्याळ. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. व्याकरणाच्या अशा प्रश्नाला वीस-पंचवीस सेकंदांच्या वर जाऊ नये, म्हणजे वाचलेला वेळ अंकगणिताला मिळतो.

1. पर्याय झाका आणि दोन वाक्यं सुटी करा

पट्टी पर्यायांवर ठेवा. रिकाम्या जागेच्या अलीकडचं एक वाक्य, पलीकडचं दुसरं. दोघांच्या मध्ये पूर्णविराम आहे असं समजून वाचा.

‘वेळेत फवारणी केली.’
‘दावण्या आलाच.’

आता या दोन गोष्टी एकमेकींशी कशा वागतात ते आपल्या शब्दांत म्हणा. ‘येऊ नये म्हणून केलं, पण आला.’ एवढं तोंडून निघालं की निम्मं काम झालं. पर्याय उघडे असले की मेंदू उलटं काम करतो, आधी शब्द उचलतो आणि मग त्याला शोभेल असा अर्थ वाक्यात घुसडतो.

2. पहिल्या वाक्यापाशी थांबा आणि विचारा: आता काय व्हायला हवं?

विरोध ओळखायची ही एकच खात्रीची जागा आहे. पहिलं वाक्य ऐकल्यावर साधारण माणसाची जी अपेक्षा होते, ती दुसऱ्या वाक्यात मोडली का? मोडली तर विरोध. पुरी झाली तर बहुधा कारण-परिणाम. अपेक्षाच नव्हती, नुसती आणखी एक माहिती आली, तर भर.

इथे नव्या मुलांची एक ठरलेली चूक होते. दुसऱ्या वाक्यात ‘नाही’ दिसलं की ते ‘पण’ लावतात. ही दोन वाक्यं बघा:

‘अभ्यास झाला नव्हता ____ पेपर सोपा गेला नाही.’
‘अभ्यास झाला नव्हता ____ पेपर अवघड गेला नाही.’

नकार दोन्हींत सारखेच आहेत. तरी पहिल्यात ‘म्हणून’ येतं आणि दुसऱ्यात ‘तरी’. ‘नाही’ मोजत बसू नका, अपेक्षा मोजा. अभ्यास नाही म्हटल्यावर पेपर अवघड जाणार असं आपण धरून चालतो. पहिल्यात तसंच झालं, दुसऱ्यात झालं नाही.

आपल्या भागातल्या मुलामुलींना एक फायदा आहे. मिरजेपासून कोल्हापूरकडे जाल तसं बोलण्यात ‘पण’च्या जागी ‘खरं’ येतं. ‘जेवलो खरं पोट भरलं न्हाई.’ ‘येतो खरं उशीर हुईल.’ हे ‘खरं’ भलतं नेमकं आहे. ते ‘आणि’सारखं कुठेही खपत नाही, अपेक्षा मोडते तिथेच जिभेवर येतं. शंका आली की मनात गावच्या बोलीत वाक्य म्हणून बघा. ‘फवारणी केली खरं दावण्या आलाच.’ बसलं? मग विरोध. ‘पाऊस आला खरं रस्ता भिजला.’ नाही बसत. आमच्या अभ्यासिकेत जतकडची एक ताई होती, तिच्या बोलण्यात हे ‘खरं’ नव्हतं, तिला हा उपाय चालायचा नाही. ती ‘तरीसुद्धा’ लावून बघायची. काम तेच.

पेपरात अर्थातच ‘खरं’ हा पर्याय नसणार. कसोटी म्हणूनच वापरा.

3. ‘पण’ की ‘तरी’

दोन्ही विरोधाचेच, पण सारखे नाहीत. ‘तरी’ला अडथळा लागतो. पहिल्या वाक्यातल्या गोष्टीने दुसरी गोष्ट अडायला हवी होती आणि ती अडली नाही, अशाच ठिकाणी ‘तरी’ शोभतं. ‘पण’ त्याहून ढिलं आहे. नुसता फरक सांगायलाही चालतं.

‘थोरला भाऊ बाग बघतो ____ धाकटा पुण्यात नोकरी करतो.’

थोरल्याने बाग बघितल्याने धाकट्याची नोकरी अडत नाही. म्हणून इथे ‘तरी’ चुकतं, ‘पण’ बरोबर. उलट दावण्याच्या वाक्यात फवारणी हा अडथळाच आहे, शिवाय ‘आलाच’ मधला ‘च’ ओरडून सांगतोय की अडथळा ओलांडून आला. पर्यायांत ‘पण’ नव्हतंच, त्यामुळे ‘तरी’शिवाय दुसरं काही येऊच शकत नव्हतं.

वाक्याच्या सुरुवातीला ‘जरी’ असेल तर विचार करायचं कारण नाही, जोडीदार ‘तरी’ ठरलेला. ‘जर’ला ‘तर’. ‘ज्याअर्थी’ला ‘त्याअर्थी’. ‘इतका’ किंवा ‘एवढा’ पुढे आला तर ‘की’. हे प्रश्न फुकटचे गुण असतात, त्यांच्यावर पाच सेकंदही घालवू नका. मात्र ‘असूनही’, ‘केल्यावरही’ असं काही आलं तर सावध व्हा. ‘ही’ने विरोध आधीच सांगून टाकलेला असतो. ‘पाऊस असूनही पण मुलं मैदानावर आली’ असं बोलताना निघतं तोंडातून, पेपरात ते अशुद्ध.

4. कारण असेल तर ‘का?’ कुठल्या बाजूला विचारायचं ते ठरवा

अपेक्षा पुरी झाली, म्हणजे कारण-परिणामाचा संबंध आहे असं कळलं. आता खरी गोची. ‘कारण’ की ‘म्हणून’?

दोघांत संबंध तोच, दिशा उलटी. ‘म्हणून’च्या अलीकडे कारण, पलीकडे परिणाम. ‘कारण’च्या अलीकडे परिणाम, पलीकडे कारण.

‘द्राक्षाचा दर पडला म्हणून आम्ही बेदाणा केला.’
‘आम्ही बेदाणा केला, कारण द्राक्षाचा दर पडला.’

कसोटी सोपी: पहिल्या वाक्यानंतर ‘का?’ विचारा. दुसरं वाक्य त्याचं उत्तर देत असेल तर ‘कारण’. देत नसेल तर दुसऱ्या वाक्यानंतर ‘का?’ विचारा, पहिल्याने उत्तर दिलं तर ‘म्हणून’. बेदाणा केला. का? दर पडला. म्हणून ‘कारण’. आणि एकदा वाक्यं उलटी करून दुसरा शब्द लावून बघा. अर्थ जसाच्या तसा राहिला तर उत्तर पक्कं. हा उलटापालटीचा खेळ ‘पण’शी जमत नाही, तो पुढे सांगते.

बऱ्याच मार्गदर्शकांत एक नियम लिहितात: जे आधी घडलं ते कारण. बहुतेक वेळा चालतो. पण एका ठिकाणी सपशेल तोंडावर पाडतो, आणि पेपर काढणाऱ्याला ते ठिकाण माहीत असतं.

‘रात्री पाऊस पडला असणार, ____ अंगण ओलं आहे.’

पर्याय: म्हणून, कारण, पण, आणि. आधी काय घडलं? पाऊस. मग पाऊस हे कारण, आणि ते पहिल्या वाक्यात आहे, म्हणून उत्तर ‘म्हणून’. असं म्हणून मी स्वतः खूण केली आहे. चूक. वाक्य पावसाने अंगण भिजलं हे सांगत नाहीये. बोलणारा एक अंदाज करतोय, आणि अंदाजाचा पुरावा देतोय. ‘तू असं कशावरून म्हणतोस?’ ‘अंगण ओलं आहे की.’ म्हणजे दुसरं वाक्य हे पावसाचं कारण नाही, पाऊस पडला असं *म्हणण्याचं* कारण आहे. उत्तर ‘कारण’.

ओळखायचं कसं? क्रियापदावरून. ‘असणार’, ‘असेल’, ‘असावा’, ‘दिसतोय’, ‘वाटतं’ यांपैकी काही आलं की समजा अंदाज आहे. अशा वेळी ‘का?’ विचारू नका, ‘कशावरून?’ विचारा. अंदाज पहिल्या वाक्यात असेल तर जागेत ‘कारण’. अंदाज दुसऱ्यात असेल तर ‘म्हणजे’ किंवा ‘त्याअर्थी’ चपखल बसतं: ‘अंगण ओलं आहे म्हणजे रात्री पाऊस पडला असणार.’ इथे ‘म्हणून’ घातलं तर ओल्या अंगणामुळे पाऊस पडला असा विनोद होतो.

‘म्हणून’बद्दल आणखी एक. ते नुसत्या परिणामाचं नाही. क्रियापद ‘शिकावा’, ‘मिळावं’, ‘यावी’ असं विध्यर्थी असेल तर ते हेतू सांगतं. ‘मुलगी शिकावी म्हणून वडिलांनी बागेचा एक तुकडा विकला.’ जागा भरायला काही अडत नाही, पण त्याच वाक्यावर प्रकार विचारला तर ‘परिणामबोधक’ लिहून बसाल. ते उद्देशबोधक. आणि ‘सोपान म्हणून एक गडी होता’ यात तर ना परिणाम ना हेतू, तिथे स्वरूपबोधक. शब्द एक, प्रकार तीन. त्यामुळे प्रकाराचा प्रश्न शब्द बघून कधीच सोडवू नका, क्रियापद बघा.

5. ‘आणि’ला सगळ्यात शेवटी बोलवा

विरोध नाही, कारण नाही, मगच भर. हा क्रम उलटा करू नका. पहिल्या दिवशीची माझी चूक हीच होती.

भर ओळखायची रीत अशी: दोन्ही वाक्यं कुठल्या तरी तिसऱ्या, न लिहिलेल्या गोष्टीकडे बोट दाखवत असतात. हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नाही, घरमालकीण मावशींनी शिकवलं. विश्रामबागेत खोली बघायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘खोली ल्हान हाय बाळ, पण वारं लई येतं.’ मी आईला फोनवर सांगितलं, ‘खोलीत वारा येतो, पण लहान आहे.’ आई लगेच म्हणाली, मग दुसरी बघ. मावशींनी आणि मी सांगितलेल्या गोष्टी अगदी त्याच होत्या. मावशींच्या वाक्याचा अर्थ होता ‘घे’, माझ्याचा झाला ‘नको’.

यातून दोन गोष्टी पदरात पडतात. पहिली, ‘पण’च्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या निर्णयाकडे ओढतात आणि शेवटची बाजू जिंकते. म्हणून ‘पण’ची वाक्यं उलटी केली की व्याकरण टिकतं, मतलब बदलतो. दुसरी, दोन्ही बाजू एकाच निर्णयाकडे ओढत असतील तर तिथे भर आहे.

‘खोलीत वारा येतो ____ भाडंही कमी आहे.’ दोन्ही ‘घे’ म्हणतात. ‘शिवाय’ किंवा ‘आणि’.
‘खोलीत वारा येतो ____ भाडं जास्त आहे.’ एक ‘घे’, एक ‘नको’. ‘पण’.
‘खोली लहान आहे ____ भाडं जास्त आहे.’ दोन्ही ‘नको’. पुन्हा ‘शिवाय’.

तिसऱ्या वाक्यात पुष्कळजण चुकतात. दोन्ही गोष्टी वाईट आहेत म्हटल्यावर त्यांना विरोध वाटतो. विरोध चांगल्या-वाईटात नसतो, दिशेत असतो.

‘भाडंही’ मधला ‘ही’ ठळक खूण आहे. दुसऱ्या वाक्यात नामाला ‘ही’ किंवा ‘सुद्धा’ चिकटलेलं असेल तर बहुधा भर. हाच ‘ही’ क्रियापदाला ‘असूनही’सारखा चिकटला की विरोध, ते वर आलंच आहे. ‘शिवाय’वरून एक लहानसा फसवा प्रश्न येतो: ‘पाण्याशिवाय बाग जगत नाही.’ इथे ते शब्दयोगी आहे, नामाला जोडून आलंय, त्याला उभयान्वयी म्हणू नका.

‘आणि’ची आणखी एक बाजू म्हणजे क्रम. ‘त्याने दार उघडलं आणि आत गेला.’ हे उलटं करता येत नाही, आधी आत जाऊन मग दार कोण उघडणार? तरी संबंध भरीचाच. दार उघडलं म्हणून आत गेला असं कुणी म्हणत नाही. इथे ‘का?’ विचारून बघा, उत्तर मिळत नाही. ‘मग?’ विचारा, मिळतं.

6. आता पट्टी काढा, आणि जुळे पर्याय शोधा

मनात उत्तर ठरलं, मगच पर्याय बघायचे. ‘विरोध’ ठरलं असेल तर विरोधाचा शब्द एकच असतो बहुधा. दोन दिसले, समजा ‘पण’ आणि ‘परंतु’, तर दचका. दोघांचा अर्थ आणि काम एकच असेल तर दोन्ही बरोबर ठरतील, आणि एकच उत्तर द्यायच्या प्रश्नात तसं चालत नाही. म्हणजे दोन्ही चूक, तुम्ही संबंध चुकीचा ओळखलात. परत पहिल्या पायरीवर जा. मात्र ‘पण’ आणि ‘तरी’ हे जुळे नाहीत, तिथे तिसरी पायरी लावा.

7. एक पूर्ण प्रश्न, पावलापावलाने

दोन-तीन जागांचे उतारे येतात त्यांत एक जागा चुकली की सगळा पर्याय चुकतो. मी सरावासाठी स्वतः केलेला हा उतारा:

‘पाटण तालुक्यातल्या कोयना धरणातून विसर्ग वाढवला (1)____ सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी त्या क्षणी वाढली नाही, (2)____ तिथून निघालेलं पाणी सांगलीपर्यंत पोचायला वेळ लागतो. (3)____ नदीकाठच्या लोकांना विसर्ग वाढताच सावध केलं जातं.’

पर्याय:
अ) आणि, म्हणून, पण
ब) पण, कारण, म्हणून
क) म्हणून, कारण, तरी
ड) पण, म्हणून, शिवाय

जागा एक. विसर्ग वाढवला म्हटल्यावर काय व्हायला हवं? पाणी वाढायला हवं. वाढलं नाही. ‘विसर्ग वाढवला खरं पातळी वाढली न्हाई’, बसलं. विरोध. क गेला. अ मध्ये ‘आणि’ आहे. ते कानाला टोचत नाही, म्हणून लगेच खोडू नका, पण बाजूला ठेवा.

जागा दोन. पातळी लगेच वाढली नाही. का? पाणी पोचायला वेळ लागतो. दुसऱ्या वाक्याने उत्तर दिलं. ‘कारण’. अ आणि ड दोन्ही गेले, त्यांच्यात ‘म्हणून’ आहे. ‘म्हणून’ ठेवलं तर काय होतं बघा: पातळी वाढली नाही म्हणून पाणी पोचायला वेळ लागतो. नदीच उलटी वाहायला लागते.

इथेच उत्तर मिळालं, ब. तरी सरावात तिसरी जागा सोडू नका. वेळ लागतो. मग? त्या वेळेचा उपयोग करून लोकांना आधीच सावध करतात. लोकांना सावध का करतात? पाणी वाटेत आहे, वेळ हाताशी आहे. पहिल्या वाक्याने दुसऱ्याचं कारण दिलं, ‘म्हणून’. कोणी ‘तरी’ लावेल: वेळ लागतो, तरी आत्ताच सावध करतात. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वेळ असेल तर घाई कशाला, असं ज्याला वाटतं त्याच्या अपेक्षेप्रमाणे ते विरोधात बसतं. सांगलीत ज्याने घरात पाणी बघितलंय त्याला तसं वाटत नाही. पण पेपरात तुमच्या-माझ्या अनुभवावर भांडता येत नाही, म्हणून अशा उताऱ्यात पक्की जागा आधी धरा. इथे ती दुसरी होती. वादाची जागा तिच्या आधाराने सुटते. उतारा नेहमी पहिल्या जागेपासूनच सोडवायला हवा असं कुणी सांगितलेलं नाही.

8. दोन्ही उत्तरं बसतात तेव्हा

असा एक प्रश्न हमखास भेटतो: ‘तो गरीब ____ प्रामाणिक आहे.’ पर्यायांत ‘आणि’ही आहे, ‘पण’ही. ‘पण’ लिहिलं तर गरीब माणूस प्रामाणिक नसतो असं आपण धरून चाललो. मला हे वाक्य आवडत नाही, आणि माझी खात्री आहे की ज्याने घातलं त्याने विचार न करता घातलंय. पण गुण हवे असतील तर लक्षात घ्या की न्यूनत्वबोधकाचं हे जुनं ठरीव उदाहरण आहे, एकात कमीपणा आणि दुसऱ्यात त्याची भरपाई. गरिबी कमीपणाची, प्रामाणिकपणा भरपाईचा. तालिकेत ‘पण’ येतं. आक्षेप घ्यायचा असेल तर निकालाच्या आधीच्या मुदतीत घ्या, खूण करताना नको.

इतर ठिकाणी दोन उत्तरं बसली तर वाक्यात अपेक्षा मोडल्याची काही खूण आहे का शोधा: ‘च’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘निदान’, ‘अजून’. यातलं एक सापडलं तर विरोध. काहीच सापडलं नाही तर जास्त नेमका शब्द निवडा. ‘पाऊस आला ____ आम्ही आडोशाला थांबलो’ यात ‘आणि’ खपतं, पण ‘म्हणून’ जास्त सांगतं, आणि पेपर काढणाऱ्याने ‘म्हणून’ उगाच ठेवलेलं नसतं.

9. वहीचं काम

चुकलेलं प्रत्येक वाक्य त्या दिवशीच वहीत उतरवा. बरोबर उत्तर ज्या रकान्याचं, त्या रकान्यात वाक्य, आणि त्याखाली लाल पेनने तुम्ही काय खूण केली होती ते. बरोबर आलेली लिहू नका, वही फुगते आणि काही कळत नाही.

पंधरा-वीस वाक्यं झाली की लाल शब्द तेवढे वरून खाली वाचा. माझ्या ‘विरोध’च्या रकान्यात जिकडेतिकडे लाल ‘आणि’ होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या पलूसच्या दादाच्या वहीत ‘कारण’च्या रकान्यात सगळीकडे लाल ‘म्हणून’. त्याला संबंध नेहमी बरोबर कळायचा, फक्त दिशा चुकायची. त्याला माझी दुसरी पायरी करायची गरजच नव्हती, त्याने आठवडाभर नुसतं ‘का?’ आणि ‘कशावरून?’ केलं. मी आठवडाभर पर्याय झाकले. तुमच्या वहीत लाल काय दिसतं त्यावरून वरच्या पायऱ्यांतली कुठली धरायची ते ठरवा, बाकीच्या नुसत्या वाचून सोडल्या तरी चालेल.